सादरीकरणानंतर विचारलेल्या प्रश्नाला गुण कसे द्यावेत?

वर्गात एका गटाचे सादरीकरण संपते आणि शिक्षक विचारतात, “कोणाला काही प्रश्न?” त्यानंतरच्या पाच-सात मिनिटांत ऐकणाऱ्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नांनाही अनेक शाळा-महाविद्यालयांत गुण असतात. महाराष्ट्रात 2010 पासून प्राथमिक शाळांत राबवल्या गेलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये तोंडी कामाचा समावेश आहे आणि प्रश्नोत्तरे त्यातच येतात. अडचण अशी की सादरीकरणाच्या गुणांसाठी विषयज्ञान, मांडणी, आवाज, तक्ते असे रकाने ठरलेले असतात, प्रश्नासाठी मात्र बहुतेक ठिकाणी “सहभाग” एवढाच एक रकाना असतो. मग ज्याचा हात जास्त वेळा वर गेला त्याला जास्त गुण मिळतात.

हात मोजण्याची ही पद्धत का टिकत नाही, याचे उत्तर आर्थर ग्रेसर आणि नताली पर्सन यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती आणि सातवीच्या मुलांना बीजगणित शिकवणाऱ्या वैयक्तिक शिकवण्यांमधले प्रश्न त्यांनी तपासले. शिकवणीत मुले वर्गापेक्षा सुमारे 240 पट अधिक प्रश्न विचारत होती. पण कोण किती प्रश्न विचारतो याचा त्याच्या अभ्यासातल्या प्रगतीशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो प्रश्नाच्या दर्जाशी, तोही मुले शिकवणीला थोडी सरावल्यानंतर. म्हणजे मोजायचे असेल तर दर्जाच मोजावा लागतो आणि त्यासाठी दर्जा म्हणजे काय हे आधी शब्दांत लिहून ठेवावे लागते. अशा लेखी निकषांच्या तक्त्याला रुब्रिक म्हणतात.

तक्त्याकडे जाण्याआधी एक व्यवस्था हवी. तोंडी विचारलेला प्रश्न हवेत विरतो. शिक्षकाच्या लक्षात राहतो तो प्रश्नापेक्षा विचारणाऱ्याचा आत्मविश्वास. शिवाय पहिल्या दोघा-तिघांनी सोपे आणि महत्त्वाचे प्रश्न विचारून टाकले की मागच्या बाकावरच्यांच्या हाती काही उरत नाही. यावर साधा उपाय म्हणजे चिठ्ठी. सादरीकरण संपल्यावर तीन मिनिटे द्यायची, प्रत्येकाने एकच प्रश्न कागदावर लिहायचा, नाव मागच्या बाजूला घालायचे आणि चिठ्ठ्या गोळा झाल्यावरच तोंडी प्रश्नोत्तरे सुरू करायची. गुण चिठ्ठीला द्यायचे. लाजरी मुलेही त्यामुळे मोजणीत येतात, आणि नाव मागे असल्याने “हा हुशार आहे, याचा प्रश्न चांगलाच असणार” हा ग्रह बराच कमी होतो.

चिठ्ठ्यांच्याही आधी दोन-तीन मिनिटांची एक बिनगुणांची फेरी ठेवणे फार आवश्यक आहे. “तो शब्द काय होता?”, “आलेखातली ही रेघ कशाची?” अशा शंका तिथे विचारून घ्यायच्या. या शंकांना गुणांच्या तक्त्यात बसवले की त्या खालच्या पायरीवर पडतात, आणि मुलांना ते दोन आठवड्यांत कळते. मग न समजलेले न विचारता वजनदार वाटणारे काहीतरी विचारण्याची सवय लागते. न समजलेले विचारणे हे प्रश्नाचे सर्वात प्रामाणिक काम आहे. गुणपद्धतीने ते मारले तर तिचा फायद्यापेक्षा तोटाच अधिक.

आता प्रत्यक्ष निकष. शिक्षणशास्त्रात प्रश्नांच्या वर्गवाऱ्या पुष्कळ आहेत. ग्रेसर आणि पर्सन यांनी आशयानुसार प्रश्नांचे अठरा प्रकार केले. गिली मार्बाख-अद आणि फिलिप सोकोलव्ह यांनी 2000 मध्ये जीवशास्त्राच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक शिडी मांडली. तिच्या तळाशी गैरसमजावर उभे असलेले प्रश्न आहेत आणि वरच्या टोकाला संशोधनाच्या गृहीतकाचे बीज असलेले. संशोधनासाठी हे ठीक आहे, पण पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चाळीस चिठ्ठ्या वाचणाऱ्या शिक्षकाला अठरा प्रकार डोक्यात ठेवता येत नाहीत. त्याला तीन निकष पुरतात: प्रश्न सादरीकरणाशी किती जोडलेला आहे, तो किती नेमका आहे आणि त्यामागचा विचार किती खोल आहे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण नऊ.

हे निकष नुसते वाचून समजत नाहीत, चिठ्ठीवर लावून पाहावे लागतात. त्यासाठी आठवीच्या वर्गातले एक सादरीकरण कल्पून पाहू. पुण्यातल्या एका गटाने “छतावरच्या पावसाच्या पाण्याची साठवण” हा विषय घेतला आहे. त्यांचे गणित असे: छत 100 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर, म्हणजे छतावर 70,000 लीटर पाणी पडते. त्यातले काही उडते, मुरते, सांडते. जेवढे वाहून हाती येते त्याचे प्रमाण, म्हणजे अपधाव गुणांक, त्यांनी 0.8 धरला आहे. त्यामुळे 56,000 लीटर मिळतात. पाच जणांच्या घराला रोज 500 लीटर लागले, तर हे पाणी 112 दिवस पुरेल, हा त्यांचा निष्कर्ष. सोबत 5,000 लीटरच्या टाकीचे चित्रही आहे.

पहिला निकष जोडलेपणाचा. इथे शिक्षकाने स्वतःला एकच गोष्ट विचारायची: हीच चिठ्ठी उद्याच्या दुसऱ्या सादरीकरणाला चालली असती का? “तुम्हाला या प्रकल्पातून काय शिकायला मिळालं?” ही चिठ्ठी मधमाश्यांवरच्या सादरीकरणालाही चालते, म्हणून शून्य. विषय तोच आहे, पण सादरीकरण न ऐकताही विचारता आला असता असा प्रश्न असेल तर एक गुण. सादरीकरणातले एखादे विधान, आकडा किंवा चित्र पकडून विचारले असेल तर दोन. आणि सादरीकरणातल्या दोन गोष्टी एकमेकींशी, किंवा त्यातली एक गोष्ट आधी शिकलेल्या एखाद्या गोष्टीशी जोडून पाहिली असेल तर तीन. हा निकष लावायला सर्वात सोपा आहे आणि कोण खरोखर ऐकत होते तेही तो दाखवतो.

दुसरा निकष नेमकेपणाचा. ग्रेसर आणि पर्सन यांनीही प्रश्नातून अपेक्षित माहिती किती स्पष्ट होते याच्या तीन पातळ्या केल्या होत्या. “पाण्याचं काय?” या प्रश्नाला कोणत्या दिशेने उत्तर द्यायचे ते कळतच नाही, तिथे शून्य. “टाकीबद्दल अजून सांगा” म्हटल्यावर सादर करणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो: आकार, किंमत, की साफसफाई? तिथे एक. “टाकी किती दिवसांनी साफ करायची?” इथे काय हवे ते कळते, पण पावसाळ्यात की उन्हाळ्यात, पिण्याच्या पाण्यासाठी की वापरायच्या, हे सुटलेले राहते. तिथे दोन. कशाबद्दल, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या प्रकारचे उत्तर हवे हे तिन्ही स्पष्ट असेल तर तीन. प्रश्नाची लांबी आणि नेमकेपणा यांचा संबंध नाही. सहा शब्दांचा प्रश्न पुरेपूर नेमका असू शकतो.

तिसरा निकष खोलीचा, आणि चुका सर्वाधिक इथेच होतात. ज्याचे उत्तर सादरीकरणात येऊन गेले आहे त्याला शून्य. एका माहितीने किंवा व्याख्येने संपणाऱ्या प्रश्नाला एक. कारण, प्रक्रिया किंवा तुलना मागणाऱ्याला दोन. सादरीकरणातले गृहीतक, पुरावा किंवा मर्यादा तपासणाऱ्या, किंवा परिस्थिती बदलली तर निष्कर्ष टिकेल का असे विचारणाऱ्या प्रश्नाला तीन. तीन गुणांची खूण अशी की त्या प्रश्नाचे एखादे उत्तर आले तर सादर करणाऱ्यांना आपला निष्कर्ष बदलावा लागेल.

काही चिठ्ठ्या उघडून पाहू. पहिलीत आहे, “पावसाचं पाणी साठवणं का गरजेचं आहे?” विषय तोच आहे, पण सादरीकरण न ऐकता विचारता आला असता, म्हणून जोडलेपणाला एक. काय विचारले ते बऱ्यापैकी स्पष्ट, नेमकेपणाला दोन. याचे उत्तर गटाने पहिल्याच तक्त्यात दिले होते, म्हणून खोलीला शून्य. एकूण तीन.

दुसरी चिठ्ठी: “पत्र्याच्या छतालाही 0.8च धरायचं का?” वरवर पाहता हा हो-नाहीचा प्रश्न आहे. पण त्याने गणितातला एक आकडा पकडला आहे, म्हणून जोडलेपणाला दोन. प्रश्न पूर्ण नेमका, म्हणून तीन. पत्र्यावरून पाणी जास्त वाहून येते, खडबडीत कौलांवर थोडे मुरते, म्हणजे प्रश्न छतांची तुलना मागतो, खोलीला दोन. एकूण सात. याच मुलाने पुढे “तसं असेल तर 56,000 चा आकडा किती बदलेल?” असे लिहिले असते, तर खोलीचे तीनही गुण मिळाले असते.

तिसरी चिठ्ठी जरा लांब आहे: “चित्रातली टाकी 5,000 लीटरची आहे आणि आपल्याकडे बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. टाकी भरून वाहून गेलेलं पाणीही 56,000 मध्ये धरलंय का? मग 112 दिवस कसे पुरतील?” या मुलीने चित्रातला आकडा, निष्कर्षातला आकडा आणि भूगोलात शिकलेले पावसाचे वेळापत्रक एकत्र ठेवून पाहिले आहे. एकाच दिवशी 70 मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छतावरून 5,600 लीटर येतात, म्हणजे रिकामी टाकी एका दिवसात भरून वाहू लागते. रोज 500 लीटर वापरले तर भरलेली टाकी दहा दिवसांत संपते. पावसाळ्यात ती पुन्हापुन्हा भरेल हे खरे, पण शेवटच्या पावसानंतर दहाच दिवसांचा साठा उरतो. गटाचा 112 दिवसांचा निष्कर्ष त्या टाकीसह उभा राहत नाही. तीन, तीन, तीन. ही चिठ्ठी लिहिणारी मुलगी कदाचित एरवी वर्गात तोंडही उघडत नसेल. चिठ्ठीची पद्धत राखण्यासाठी एवढे एक कारण पुरेसे आहे.

चौथी चिठ्ठी वेगळ्या जातीची आहे: “जागतिक हवामान बदलाच्या पार्श्वभूमीवर शाश्वत जलव्यवस्थापनाच्या दृष्टिकोनातून या प्रकल्पाचे मूल्यमापन तुम्ही कसे कराल?” भाषा भारदस्त आहे. घाईत गुण देणारा शिक्षक याला आठ-नऊ देऊन मोकळा होतो. निकष एकेक करून लावले की चित्र पालटते. “या प्रकल्पाचे” हे शब्द सोडले तर सादरीकरणातले काहीही यात नाही. धरण, विहीर, ठिबक सिंचन अशा पाण्याच्या कोणत्याही विषयाला तो चालेल. जोडलेपणाला एक. कोणत्या कसोटीवर मूल्यमापन करायचे हे सांगितलेले नाही, नेमकेपणाला एक. कोणतेही विधान तपासले जात नाही, खोलीला एक. एकूण तीन, म्हणजे पहिल्या साध्यासुध्या चिठ्ठीएवढेच. अशा प्रश्नांना आळा घालण्यासाठी तक्त्याखाली एक अट लिहून ठेवावी: जोडलेपणाला शून्य असेल तर खोलीला एकाहून अधिक गुण नाहीत. जे ऐकलेच नाही त्याच्या गृहीतकांची तपासणी होऊ शकत नाही.

प्रश्नाच्या पहिल्या शब्दावरून खोली ठरवण्याची सवयही अशीच फसवते. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली आणि 2001 मध्ये लोरिन अँडरसन व डेव्हिड क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली जिची सुधारित आवृत्ती आली, तिच्यावरून क्रियापदांच्या याद्या तयार झाल्या. बी.एड.च्या पाठ-टाचणांत त्या सर्रास दिसतात. त्यातून “काय, कधी, कुठे” म्हणजे खालची पातळी आणि “का, कसे” म्हणजे वरची, असा एक सोपा नियम रूढ झाला. वरच्या चिठ्ठ्यांनीच तो मोडून काढला आहे. “का” असलेल्या पहिल्या चिठ्ठीला खोलीत शून्य मिळाले, आणि हो-नाहीच्या दुसरीला दोन. खोली ठरते ती उत्तर देण्यासाठी समोरच्याला काय करावे लागेल यावर: आठवावे लागेल, समजावून सांगावे लागेल, की आपले गणित पुन्हा मांडावे लागेल.

कशाला गुण द्यायचे नाहीत हेही ठरवून ठेवावे लागते. सादर करणाऱ्यांना उत्तर आले की नाही, याचा प्रश्नाच्या गुणांशी संबंध नसावा. नाहीतर दुबळ्या गटाच्या वाट्याला आलेल्या श्रोत्यांवर अन्याय होतो आणि कोड्यात टाकणारे प्रश्न विचारण्याची चढाओढ लागते. प्रमाणभाषा, ऱ्हस्व-दीर्घ, अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी वाक्य यांचेही गुण कापू नयेत. “टाकी भरल्यावर पानी कुटं जातं मंग?” हा प्रश्न जोडलेला आहे, नेमका आहे आणि तिसऱ्या चिठ्ठीच्या अगदी जवळ पोचणारा आहे. सभ्यतेला मात्र गुण नसले तरी अट असावी: व्यक्तीला टोचणारा प्रश्न मोजायचाच नाही, तो बाजूला ठेवायचा आणि त्या मुलाशी नंतर बोलायचे.

तक्ता कितीही नीट लिहिला तरी दोन शिक्षक त्याचा अर्थ दोन प्रकारे लावू शकतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला वीसेक चिठ्ठ्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासून गुण शेजारीशेजारी मांडावेत. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायची. समजा, खोलीच्या निकषावर दोघांनीही वीसपैकी सोळा चिठ्ठ्यांना एक किंवा त्याहून कमी आणि चारांना त्याहून जास्त गुण दिले, आणि सोळा चिठ्ठ्यांवर दोघे एका बाजूला आले. आकडा चांगला वाटतो. पण डोळे मिटून याच प्रमाणात गुण वाटले असते तरी तेरा-चौदा चिठ्ठ्यांवर दोघे जुळलेच असते. खरी कमाई दोन-तीन चिठ्ठ्यांची आहे. योगायोगाचा हा भाग वजा करून एकमत मोजण्याची पद्धत जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडली. ती कप्पा या नावाने ओळखली जाते आणि या उदाहरणात तिचे मूल्य जेमतेम 0.38 येते, तर पूर्ण एकमताला ते 1 असते. शाळेत हे सूत्र वापरायलाच हवे असे नाही. जिथे दोघांचे गुण वेगळे पडले त्याच चिठ्ठ्या समोर ठेवून बोलावे. बहुतेक वेळा वाद खोलीच्या एक आणि दोन यांच्या सीमेवर निघतो, आणि तिथले वाक्य एखाद्या उदाहरणासह पुन्हा लिहिले की तो बराच मिटतो.

मुले पद्धतीतून पळवाटा शोधतात, तेही गृहीत धरावे. सर्वात नेहमीची पळवाट म्हणजे मित्राच्या गटाशी आधी ठरवून ठेवलेला प्रश्न. तो चिठ्ठीवर ओळखू येतो: नेमकेपणा भरपूर असतो, पण सादरीकरणात ऐन वेळी बदललेल्या किंवा चुकलेल्या गोष्टीचा त्यात मागमूस नसतो. गटाने बोलताना 0.8 ऐवजी 0.7 सांगितले तरी चिठ्ठीत 0.8 असतो. दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येक वेळी तोच साचा वापरणे. म्हणून सत्रातल्या सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज न करता प्रत्येकाच्या उत्तम तीन चिठ्ठ्या धराव्यात. एखाद्या दिवशी विषय डोक्यावरून गेला तर त्याची शिक्षा होत नाही, आणि एका चिठ्ठीवरून कोणाच्या जिज्ञासेचा निवाडाही होत नाही. एका प्रश्नावरून तसा निवाडा करण्याइतके मोजमाप या तक्त्यात नाहीच. विषयाची आधीची ओळख किती होती यावर प्रश्नाची खोली पुष्कळ अवलंबून असते; ज्याच्या घराच्या गच्चीवर टाकी आहे त्याला टाकीचा प्रश्न लवकर सुचतो.

गुणांचे तीन आकडे वेगवेगळे लिहून ठेवण्याचा खरा उपयोग पुढच्या तासाला होतो. जोडलेपणाला सतत एक मिळणाऱ्या मुलाला ऐकताना टिपणे काढायची सवय हवी: आकडे, नावे, “म्हणून” नंतर येणारी वाक्ये. नेमकेपणात मागे असलेल्याने आपली चिठ्ठी शेजाऱ्याला वाचायला देऊन “मी काय विचारतोय?” एवढेच विचारावे. खोलीत अडलेल्यांसाठी अ‍ॅलिसन किंग यांनी 1990 च्या दशकात अपुऱ्या प्रश्नांची पद्धत वापरली. मुलांना “अमुक बदललं तर तमुकचं काय होईल?”, “या दोघांत फरक कोणता आणि तो कशामुळे?” असे साचे द्यायचे आणि रिकाम्या जागा त्यांनीच भरायच्या. साचे दिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चिठ्ठ्या एकसारख्या दिसू लागतात. तरीही “पाऊस कमी झाला तर काय होईल?” आणि “पाऊस 700 ऐवजी 350 मिलिमीटर झाला, पण चार मोठ्या सरींतच पडला, तर 5,000 लीटरच्या टाकीत किती पाणी उरेल?” हे एकाच साच्यातून निघालेले दोन प्रश्न तक्ता वेगळे दाखवतो. पहिल्याला जोडलेपणाचा एक आणि नेमकेपणाचा एक, दुसऱ्याला दोन्हींचे तीन-तीन.